सहावा पत्ता

"झाले का पिसून?" किशोरीताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"झालेच," मी म्हणालो, आणि पुन्हा पिसायला लागलो.

त्या दिवशी दुपारी अडीच वाजता माझं लग्न होतं, आणि सकाळी साडेअकराला मी साताऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून टॅरोचे पत्ते पिसत होतो. ह्याला तेरा वर्षं झाली. मी तेव्हा अडतीसचा होतो, म्हणजे वय वाढायचं राहिलं होतं अशी सबबही नाही. त्या दिवसाचं आठवलं की अजून तोंडात कडू पाणी येतं. आपल्याच एखाद्या जुन्या फोटोत आपलं हसू पाहून शिसारी यावी, तसं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. दोन भाऊ बांधावर एकमेकांच्या अंगावर धावत असले तरी मी साखळी टाकून, नकाशा बघून दगड कुठे रोवायचा ते ठणकावून सांगायचो. जयंत तगारेंनी हद्द सांगितली की सांगितली, असा लौकिक होता. लोकांच्या हद्दी मी कायम करत होतो, आणि सुलक्षणेला मात्र सहा वर्षं ताटकळत ठेवलं होतं.

सुलक्षणा साळवी हायस्कुलात विज्ञान शिकवायची. आम्हाला वाजंत्री नको होती, नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरलं होतं. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावं लागतं. नाही उरकलं तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. आमची एक नोटीस आधीच बाद झाली होती. मी जावळीकडची मोजणी अंगावर ओढून घेतली होती आणि काम संपत नाही म्हणून कळवत राहिलो होतो. दुसऱ्या नोटिशीची मुदत त्याच दिवशी संपत होती. सुलक्षणा शांतपणे म्हणाली होती, "तिसरी नोटीस मी देणार नाही, जयंत. रागानं म्हणत नाही. फक्त सांगून ठेवते." साक्षीदार तीन लागतात. तिच्या शाळेतले नदाफ सर आणि त्यांच्या मिसेस, आणि तिसरे माझे वडील, अण्णा. ते वाईहून एसटीनं येणार होते.

मग मी त्या खोलीत काय करत होतो? महिन्याभरापूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. दुकान खांडेकरांचं. त्यांच्या पत्नी, किशोरीताई, पंचवीस वर्षं शाळेत समुपदेशक होत्या. आता दुकानही बघायच्या आणि मागच्या खोलीत पत्तेही मांडायच्या. नंबर काढताना त्या भिंग बदलून विचारत होत्या, हे बरं दिसतं की हे, आणि मी दर वेळी म्हणत होतो, जरा पहिलं पुन्हा दाखवा. सातव्या-आठव्या वेळेला त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही एकदा सवड काढून मागच्या खोलीत या." मी थट्टा केली. भविष्य सांगता का, म्हटलं. त्या म्हणाल्या, "भविष्य मला माझंही कळत नाही. पत्त्यात माणूस आत्ता काय करतोय तेवढं दिसतं."

सवड मला लग्नाच्या दिवशी सापडली. मन स्वच्छ करून जावं, अर्ध्या तासाचं तर काम, अशी मी माझी समजूत घातली. आपण आपल्याला जितकं सफाईनं फसवतो तितकं दुसरं कोणी फसवू शकत नाही. अंगात नवा शर्ट होता. त्याच्या कॉलरची कडक घडी मानेला काचत होती आणि मी घामेजलो होतो.

"तगारे, ठेवा आता पत्ते," किशोरीताई म्हणाल्या. "डाव्या हातानं तीन ढीग करा आणि पुन्हा एकावर एक रचा. पण त्याआधी प्रश्न सांगा."

"आज लग्न करू का नको?"

"असा प्रश्न मी घेत नाही. तो तुमचा निर्णय आहे, कागदाच्या तुकड्यांवर कसा टाकू?"

"मग, सुलक्षणेबरोबर माझं जमेल का?"

"त्या इथे नाहीत. त्यांच्या माघारी त्यांचे पत्ते मी मांडत नाही. प्रश्न 'मी'पासून सुरू करा."

मला राग आला. पैसे देऊन आलोय आणि ही बाई माझ्याकडूनच गृहपाठ करून घेतेय. पण चार-पाच वेळा खोडून शेवटी प्रश्न तयार झाला: मी बांधून घ्यायला कशाला घाबरतो? तो त्यांनी एका कागदावर लिहून टेबलाच्या डोक्याशी ठेवला. मग पत्ते उघडण्याआधीच पाच जागा ठरवल्या. पहिली जागा, मला हवं आहे असं मी म्हणतो ते. दुसरी, भीती कशाची. तिसरी, ही भीती मी कुठे शिकलो. चौथी, ती मला काय मिळवून देते. पाचवी, आता पुढचं पाऊल.

"चौथी जागा चुकली," मी म्हणालो. "भीती काय मिळवून देणार?"

"काही मिळत नसतं तर तुम्ही ती कधीच टाकली असती," त्या म्हणाल्या. "जागा आधी ठरवायच्या त्या ह्यासाठीच. नाहीतर पत्ता आला की माणूस त्याला सोयीची जागा शोधतो. आणि अर्थ मी आधी सांगणार नाही. चित्रात काय दिसतं ते तुम्ही सांगायचं."

पहिला पत्ता उघडला. दोन प्याले. एक पुरुष, एक बाई, समोरासमोर उभे, हातातले प्याले एकमेकांपुढे धरलेले.

"लग्न," मी म्हणालो. "बघा, शुभ आहे."

"शुभ-अशुभ सोडा. माणूस काय करतोय?"

मी नीट पाहिलं. "त्याचा एक हात पुढे आलाय. तिच्या प्याल्याकडे. ती मात्र आपला प्याला धरून स्थिर उभी आहे."

"हे तुम्हाला हवंय?"

"हो," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. तेवढं तरी माझ्या नावावर जमा असू दे. मला सुलक्षणा हवी होती. 

दुसऱ्या जागी धर्मगुरू आला. सिंहासनावर बसलेला, हात उंचावलेला, पायाशी दोन किल्ल्या, आणि समोर पाठमोरे दोघे गुडघे टेकून. किशोरीताईंनी सांगितलं की अठ्ठ्याहत्तर पत्त्यांतले बावीस मोठे असतात, आयुष्यातल्या मोठ्या वळणांचे, हा त्यांतला. बाकीचे छपन्न रोजच्या जगण्याचे, चार रंगांचे. प्याले म्हणजे भावना, काठ्या म्हणजे काम आणि उमेद, तलवारी म्हणजे विचार, नाणी म्हणजे शरीर, घर, रोजचा भाकरतुकडा.

"भीतीच्या जागी मोठा पत्ता आलाय, म्हणून त्याला वजन जास्त," त्या म्हणाल्या. "काय दिसतं?"

"दोघांचे चेहरे दिसत नाहीत. चारचौघांसमोर काहीतरी वदवून घेताहेत त्यांच्याकडून."

"म्हणजे भीती बाईची नाही."

"नाही. साक्षीदारांची." माझं मलाच नवल वाटलं. "शब्द देऊन झाला की तो तिघांनी ऐकलेला असतो."

तिसरा पत्ता उघडला. एक माणूस दहा जाड काठ्यांची मोळी छातीशी कवटाळून वाकून चाललाय. मोळीत तोंड खुपसलेलं, पुढचं गाव त्याला दिसत नाही.

"हे अण्णा," मी म्हणालो.

मी नऊ वर्षांचा असताना आईला अर्धांगवायू झाला आणि ती एकोणीस वर्षं अंथरुणावर होती. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर तिचं सगळं तेच करायचे. भांडं देणं, पुसणं, कुशीवर वळवणं, पाठीवरच्या जखमा धुणं. घरात कायम फिनेलचा वास असायचा आणि त्याखाली दुसरा एक. मी दप्तर ओट्यावर टाकून बाहेर पळायचो. जेवताना आईच्या खोलीचं दार लोटून घ्यायचो. एकदा अण्णा तापानं पडले आणि मला म्हणाले, जयंता, आजच्या दिवस आईचं भांडं तेवढं काढ. मी खोलीच्या उंबऱ्यावर उलटी केली. आईनं ते पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं, नुसतं पाहिलं. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो.

हे मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. सुलक्षणेलाही नाही. किशोरीताईंना सांगितलं, कारण त्यांच्याशी मला संसार करायचा नव्हता.

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "ओझं जड आहे असं अण्णा कधी म्हणाले?"

"नाही."

"चित्रातला माणूस कण्हतोय असं तुम्हाला दिसतं. अण्णा कण्हायचे?"

मी आठवू लागलो. अण्णा आईचे केस विंचरताना तिला वर्गातल्या पोरांच्या गमती सांगायचे. कोणी पाढे कसे चुकवले, कोणाच्या खिशात बेडूक निघाला. दाराआडून मी त्यांचं हसणं ऐकलेलं होतं. कण्हणं कधी ऐकलं नव्हतं.

"मग ही मोळी कोणाच्या छातीशी आहे?"

"माझ्या," मी म्हणालो. एक काठीही न उचलता आयुष्यभर ओझ्याखाली वाकलो होतो. डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते पाणी आवडलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. रडता रडता मनात कौतुक चाललं होतं की वा, जयंतराव, किती खोल आहे हो तुमचं दुःख.

चौथा पत्ता. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलेला. समोर तीन प्याले, आणि ढगातून एक हात चौथा प्याला पुढे करतोय. त्याचं तिकडे लक्ष नाही.

"ह्यात तुम्ही कोण?"

"बसलेला. हात सुलक्षणेचा."

"कसा बसलाय?"

"आरामात." शब्द तोंडातून गेल्यावर मला तो खुपला. "सावलीत बसलाय. नको म्हणत नाही, त्यामुळे कोणी त्याला वाईट म्हणत नाही. हो म्हणत नाही, म्हणून काही करावं लागत नाही."

"आणि प्याला?"

"समोर आहेच की. कुठे जातोय."

"चित्रात नाही जात," किशोरीताई म्हणाल्या.

पाचवा पत्ता त्यांनी मलाच उघडायला लावला. आठ प्याले नीट रचून ठेवलेले, आणि एक माणूस काठी टेकत त्यांच्याकडे पाठ करून डोंगराकडे निघालेला. वर चंद्र.

"म्हणजे तिला सोडून जा म्हणतोय," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजातली सुटका त्यांनी ऐकली. मीही ऐकली.

"असं म्हणताही येईल. पण मागे काय ठेवून निघालाय तो? तुम्ही आत्ता चौथ्या पत्त्यात काय पाहिलंत?"

"झाडाची सावली."

"मग कोणाला सोडतोय ते तुम्ही ठरवा. पत्ता पाय दाखवतो, दिशा दाखवत नाही." मग त्यांनी पाचही पत्त्यांवरून हात फिरवला. "आता सगळे एकत्र बघा. दोन, चार आणि आठ, असे तीन पत्ते प्याल्यांचे. भावनांना तोटा नाही. कोणता रंग आलाच नाही?"

"तलवारी. आणि नाणी."

"तलवारीनं तुकडा पाडतात, हे किंवा ते. ती नाही. आणि नाणं म्हणजे शरीर. म्हणजे उद्या कोणाचं भांडं काढावं लागेल, किंवा कोणी आपलं काढेल. तेही नाही. जे येत नाही तेही वाचायचं असतं, तगारे."

त्यांनी अचूक जागी बोट ठेवलं होतं. दुसऱ्याच्या अंगाची किळस, आणि आपल्या अंगाची कोणाला येईल ह्याचं भय, एवढ्या दोन गोष्टींवर मी सहा वर्षं काढली होती आणि त्याला स्वातंत्र्य वगैरे नावं दिली होती. एक वाजून गेला होता. त्या क्षणी उठलो असतो तर पायी चालत जाऊनही वेळेवर पोचलो असतो.

"अजून एक पत्ता काढू?" मी म्हणालो. "पाचवा नीट स्पष्ट नाही."

"खुलाशासाठी सहावा पत्ता काढतात काही जण. मीही कधी देते. एका अटीवर. तो अमुक निघाला तर मी अमुक करीन, हे आधी सांगायचं."

मी हात गड्डीकडे नेला.

"नाही सांगता येत?"

"आधी पत्ता तर दिसू दे."

"मग तो खुलासा नाही, टाळाटाळ आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात पुढून खांडेकरांनी हाक मारली. कोणा म्हातारबुवांचा चष्मा नाकावर बसत नव्हता. "आलेच मी," म्हणून त्या गेल्या. गड्डी टेबलावरच होती.

मी सहावा पत्ता काढला. चोरून, एक कान दाराकडे ठेवून. सूर्य निघाला. पांढऱ्या घोड्यावर उघडंनागडं हसरं मूल, मागे सूर्यफुलं, वर भला थोरला सूर्य. ह्याहून स्वच्छ होकार त्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांत नसावा. आंधळ्यालाही समजला असता. त्या उजेडात मी जेमतेम एक श्वास घेतला आणि मनात आलं, हा चुकून तर नाही आला? खात्रीसाठी आणखी एक काढला. हृदयात तीन तलवारी. मग तो खोडायला आणखी एक. मग आणखी. एखादा अट्टल दारुड्या बाटलीच्या बुडाशी बघतो तसा मी त्या गड्डीकडे बघत होतो.

किशोरीताई परत आल्या तेव्हा टेबलावर चौदा पत्ते होते. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सूर्याचा पत्ता उचलला.

"हा पहिला निघाला का?"

"हो."

"आणि तरी पुढचा काढलात." त्यांनी पत्ते गोळा केले आणि गड्डी कापडात बांधली. "अठ्ठ्याहत्तर संपल्यावर काय करणार होतात? जा आता. वाचायचं होतं ते तुम्ही पाच पत्त्यांत वाचलंय. ह्यापुढे पत्त्यांचा काही उपयोग नाही, पायांचा आहे."

मी उठलो का? मी त्यांच्याकडे कागद मागितला. एवढं मोलाचं सापडलंय, ते निसटायला नको, सुलक्षणेला व्यवस्थित समजावून सांगता आलं पाहिजे. त्यांनी कागद दिला आणि त्या पुढे दुकानात निघून गेल्या. मी खोलीत एकटा बसून बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी कागद भरला. पाचही जागा, त्यांचे अर्थ, एकमेकांशी संबंध. मधल्या मोळीवाल्या माणसाखाली दोन रेघा मारल्या. मला फार समाधान वाटत होतं. निघालो तेव्हा पावणेतीन झाले होते.

विवाह नोंदणीच्या कार्यालयात पोचलो तर व्हरांड्यातल्या बाकावर चौघे ओळीनं बसले होते. सुलक्षणेनं गर्द जांभळी साडी नेसली होती. शेजारी नदाफ मिसेस हाराची पिशवी मांडीवर घेऊन. नदाफ सर उठले, घड्याळाकडे न पाहण्याची सभ्यता दाखवून म्हणाले, "आलात. बरं झालं. साहेब चारपर्यंत आहेत, मी विचारून ठेवलंय." टोकाला अण्णा बसले होते. त्यांचं वय तेव्हा पंचाहत्तर. पांढरं धोतर, काळी टोपी, पायांपाशी कापडी पिशवी.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे जवळजवळ तास शिल्लक होता. उशीर झाला म्हणून लग्न राहिलं, असं मला कधीही म्हणता येणार नाही.

"मला तुझ्याशी बोलायचंय," मी सुलक्षणेला म्हणालो आणि तिला व्हरांड्याच्या कडेला नेलं. अण्णांपासून फार तर आठ पावलं. कागद उघडला आणि सुरुवात केली. मी चांगला बोललो. दोन प्याल्यांपासून निघालो, साक्षीदारांच्या भीतीवर आलो, मग आईचं आजारपण, तो वास, ती उंबऱ्यावरची उलटी, अण्णांच्या छातीशी असलेलं ओझं आणि ते मी कसं माझं करून घेतलं. माझ्या मनाची ठेवणच कशी घडली आहे, ते तिला चित्रासारखं उलगडून दाखवलं. मध्ये आवाजही कापरा झाला. अर्धा तास तरी बोललो असेन. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"संपलं?" तिनं विचारलं.

"हो."

"सगळं पटलं मला," सुलक्षणा म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "आईंचं तू मला आधी सांगायला हवं होतंस. पण पटलं. मला किळस येत नाही, जयंत. तुझीही येणार नाही, आणि तुला माझी आली तर आपण त्याचं बघू. चल, आत जाऊ."

ह्याहून जास्त कोणी कोणाला काय देणार? आणि मी काय म्हणालो ते शब्दशः लिहितो. मी म्हणालो, "तसं नको. आता कुठे मला माझं कळायला लागलंय. ह्यावर थोडं काम करावं लागेल. अशा अवस्थेत सही करणं म्हणजे तुझ्यावर अन्याय होईल."

"माझ्यावर," ती म्हणाली.

"सहा महिने दे."

तिनं माझ्या हातातला कागद घेतला, त्याची माझ्यासमोर नीट घडी केली आणि माझ्या नव्या शर्टाच्या खिशात ठेवला. मग बाकाकडे गेली. "सर, तुमची रजा फुकट गेली," ती नदाफ सरांना म्हणाली. "वहिनी, हार देवळात देऊन टाका." आवाज अगदी वर्गातला होता. नदाफ मिसेसनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर नाकाशी धरला. का धरला, मी विचारलं नाही. सुलक्षणा पायऱ्या उतरून चालायला लागली. मी तिथेच उभा होतो. आतून खरं काय वाटत होतं ते सांगतो. सुटल्यासारखं वाटत होतं.

मग अण्णा माझ्यापाशी आले. गुडघे दुखायचे त्यांचे, भिंतीला हात लावत आले.

"माझं नाव घेतलंस म्हणून ऐकलं मी," ते म्हणाले. "सगळं ऐकलं."

"अण्णा, मी तुम्हाला दोष देत नव्हतो. उलट तुम्ही जे सोसलंत ते..."

"मी काही सोसलं नाही," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईचं एकोणीस वर्षं सगळं काढलं. जखमेत अळ्या झाल्या तेव्हा त्या चिमट्यानं वेचल्या. मला एक दिवस किळस आली नाही, जयंता. आज आली."

त्यांनी पिशवी उचलली आणि माझ्याकडे पाठ करून पायऱ्यांशी गेले. तिथे कठड्याला धरून उभे राहिले आणि रस्त्याकडे हाक मारली, "थांब गं पोरी. मी येतो तुझ्याबरोबर." ती थांबली, मागे आली, आणि त्यांचा हात धरून त्यांना एकेक पायरी खाली उतरवू लागली.